मदत हवी आहे: "मी इथे क्वचित येते" म्हणणाऱ्या मुलीला काय उत्तर द्यावं?

सह्यभटक्या
बंबलवर एका मुलीशी जुळलं. ती रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे. पहिला मेसेज तिनेच केला: "हाय! राजगडाचा फोटो मस्त. मी इथे क्वचित येते, उत्तराला वेळ लागला तर राग मानू नकोस." मला ती मनापासून आवडली आहे. "मग व्हॉट्सॲप नंबर दे ना" असं लिहून ठेवलंय, अजून पाठवलं नाही. पाठवू का?

कोकणकडा
पाठव लगेच. तिथे २४ तासांत मॅच उडते. नंबर घेऊन मोकळा हो.

निशिगंधा
२४ तासांची मुदत फक्त पहिल्या उत्तरापर्यंत असते. तू एकदा उत्तर दिलंस की मग तिने आठवड्याने लिहिलं तरी मॅच जात नाही. म्हणून उत्तर आज दे, पण नंबर मागू नकोस. असं वाक्य मीही लिहिलं आहे. त्यावर लगेच नंबर मागणाऱ्याला टाळायचे, कारण नंबर दिला की मॅच काढून टाकूनही तो माणूस फोन करू शकतो.

तिच्या वेळेचा मुद्दा एका वाक्यात संपव आणि सवडीने उत्तर देता येईल असा एकच प्रश्न विचार. उदाहरणार्थ: "काही हरकत नाही, ड्यूटी सांभाळून लिही. राजगडला गेली आहेस का? पाली दरवाज्याने चढलीस की गुंजवण्याहून चोर दरवाज्याने?" "कशी आहेस, जेवलीस का" असं नको. दोन दिवसांनी वाचलं तर त्याला काय उत्तर देणार?

आजोळ
आमच्या भाच्याच्या स्थळाचंही असंच झालं, मुलीकडचे महिनाभर गप्प. शेवटी मध्यस्थाकडून निरोप धाडला. तुमच्या ओळखीत कोणी नाही का?

सह्यभटक्या
काका, हे स्थळ नाही हो, ॲपवरची ओळख आहे. घरच्यांना काही माहीत नाही. निशिगंधा, ती खरंच बिझी आहे की टाळतेय, हे कसं कळणार?

निशिगंधा
उत्तर किती उशिरा आलं यापेक्षा त्यात काय आहे ते बघ. चार दिवसांनी का होईना, तिने दरवाज्याचं सांगून तुला काही उलट विचारलं, तर रस आहे. मग म्हण, "लिहिण्यापेक्षा दहा मिनिटं बोलणं सोपं जाईल का? ॲपवरूनच कॉल करू, रविवारी सकाळी किंवा बुधवारी रात्री." नंबर द्यायचा की नाही ते तिला ठरवू दे. दोन वेळा नुसतं "हो, मस्त" आलं तर थांब.

कोकणकडा
२४ तासांचं मला वाटलं ते चुकलं, मान्य. पण काहीच उत्तर आलं नाही तर आठवड्याने एक मेसेज करायला काय हरकत आहे? माझ्या मित्राचं तसंच जमलं.

निशिगंधा
एक चालेल, पण "विसरलीस का?" असा नको. मी स्वतः तोही करणार नाही.

सह्यभटक्या
राजगडाचा प्रश्न पाठवला. निवासी डॉक्टर असलेलं कुणी इथे आहे का? रात्रपाळीच्या आठवड्यात कॉलचं विचारलं तर त्रास वाटतो का?