प्रतिसाद: फांद्या किती खोल न्यायच्या?

> "साठ पेपर नकाशात टाकले, पाचव्या पातळीपर्यंत गेले, आता मलाच काही सापडत नाही."

संशोधन पेपरांच्या आढाव्यासाठी काढलेल्या माइंड मॅपला, म्हणजे फांद्यांच्या नकाशाला, तीन पातळ्या पुरतात, पण आधी त्यांचा क्रम तपासा. माझा प्रबंध नाशिकच्या कांदा साठवणुकीवर होता. पहिल्या फांद्या मी साठवण पद्धतीच्या काढल्या: चाळ, शीतगृह. मग दोन्हींखाली सड, कोंब, वजनघट हेच शब्द पुन्हा आले. एकच लेबल दोन-तीन फांद्यांखाली दिसलं की पातळ्या उलट्या लागल्यात असं समजायचं. मी अदलाबदल केली: आधी नुकसानीचा प्रकार, त्याखाली कारण, टोकाला पेपर. चाळ आणि शीतगृह हे पेपरला लावलेले दोन रंग झाले. एका रात्रीत नकाशा निम्मा झाला आणि प्रकरणाची उपशीर्षकंही त्यातूनच मिळाली.

लेबल एक-दोन शब्दांचं ठेवा: 'कोंब', त्याखाली 'तापमान', टोकाला फक्त आडनाव आणि वर्ष. 'शून्याजवळ आणि पंचवीस-तीस अंशांना कोंब दबतात, मधल्या तापमानात फुटतात' हा निष्कर्ष आहे, तो टिपणात जातो. लेबलमध्ये क्रियापद आलं की मी थांबते. एका टोकाला सात-आठ पेपर जमले तरच चौथी पातळी काढा, आणि एकच पेपर असलेली फांदी शेजारणीत मिसळा. दोन फांद्यांत बसणारा पेपर एकदाच ठेवून तुटक रेषेने जोडा, नाहीतर लिहिताना तोच अभ्यास दोनदा मोजला जातो. माझ्या पहिल्या मसुद्यात तसंच झालं होतं, मार्गदर्शकांनी दाखवून दिलं.