ताब्यासह केलेली इसारचिठ्ठी

> "आम्ही ३ एकर शेत १०० रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरी करून, ताब्यासह घेतले. आता विकणारा नाही म्हणतो. कागद कोर्टात चालेल का?"

नोटरीने सही कोणाची हे ठरते. तिने मुद्रांक किंवा नोंदणीची उणीव भरून निघत नाही. महाराष्ट्रात ताबा दिलेली इसारचिठ्ठी मुद्रांकासाठी खरेदीखतासारखीच धरली जाते, म्हणून १०० रुपयांचा कागद अपुरा ठरतो आणि मुद्रांक कायद्याच्या कलम ३४ मुळे तो कोणत्याही कारणासाठी पुराव्यात येत नाही. मात्र उरलेले शुल्क आणि दरमहा २ टक्के दंड भरला की हा दोष निघतो.

नोंदणीचा दोष वेगळा आहे. नोंदणी कायद्याच्या कलम ४९ नुसार असा कागद करारपूर्तीच्या दाव्यात दाखवता येतो. पण २००१ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी नसलेल्या कराराच्या आधारे ताबा वाचवण्याचा बचाव घेता येत नाही, आणि माझ्या मते तुमचे खरे दुखणे हेच आहे. म्हणून आधी शुल्क भरून घ्या आणि मुदतीत करारपूर्तीचा दावा लावा. नकार कळल्यापासून, किंवा खरेदीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, ३ वर्षे मिळतात.