[मंडळ-चर्चा] जुन्या नोकऱ्या प्रोफाइलवरून काढायच्या आहेत

शिल्पा:
नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेत क्वालिटी इंजिनिअरिंग मॅनेजरच्या जागांसाठी अर्ज सुरू करतेय. लिंक्डइनवर सगळं जसंच्या तसं पडलंय: १९९९ ते २००२ कोल्हापूरला पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट, २००२ ते २००४ पुण्यात कॉल सेंटर, २००४ ते २००९ मॅन्युअल टेस्टिंग, मग मंदीत १४ महिने एका बँकेत गृहकर्जाचं काम, आणि २०१० पासून आजपर्यंत टेस्ट ऑटोमेशन. काय ठेवू, काय काढू? काढलं तर लपवल्यासारखं नाही ना दिसणार?

नितीन:
दहा वर्षांपलीकडचं सगळं उडवून टाका. कोणी वाचत नाही. आणि वय कळतं ते वेगळंच.

विद्याताई:
शिल्पा, नितीनचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सविस्तर मजकूर शेवटच्या दहा-पंधरा वर्षांचाच असावा. पण तुझं ऑटोमेशनचं काम २०१० पासून सलग आहे. दहाच्या रेघेवर कापलंस, तर ज्या कामावर ही जागा मिळायची त्याचीच सुरुवात तुटेल.

छाटायचं ते शेपटाकडून, मधून नाही. गृहकर्जाची नोकरी कितीही विसंगत वाटली तरी काढू नकोस. ती काढलीस की २००९ आणि २०१० यांच्यात १४ महिन्यांची फट पडते आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तिथूनच येतो. पद, बँक, तारखा एवढी एक ओळ ठेव, खालचे मुद्दे पुसून टाक. टेस्टिंगच्या ५ वर्षांना दोन ओळी पुरेत.

कॉल सेंटर आणि लॅब मात्र जाऊ देत. रेझ्युमेवर शेवटी ‘आधीचा अनुभव’ असं शीर्षक देऊन दोन्ही एका ओळीत घाल, तारखांशिवाय. लिंक्डइनवर हे जमत नाही, कारण नोंदीला सुरुवातीची तारीख द्यावीच लागते. तिथे त्या दोन नोंदी काढ आणि About मध्ये एक वाक्य लिही: ‘टेस्टिंगमध्ये येण्याआधी पॉलिटेक्निकची लॅब आणि ग्राहकसेवा यांत काम केलं.’ हे वाक्य असलं की लपवल्याची शंका उरत नाही.

फसगत होते ती आकड्यांत. वर ‘२५ वर्षांचा अनुभव’, नोकऱ्या २००४ पासून, पदवी १९९९ ची. वाचणारा वजाबाकी करतो आणि मधली ५ वर्षं कुठे गेली ते शोधत बसतो. म्हणून वरचा आकडा ‘ऑटोमेशनमध्ये १५ वर्षं’ असा, दिसणाऱ्या नोकऱ्यांशी जुळणारा ठेव.

काढण्याआधी प्रोफाइलवरून Save to PDF करून प्रत ठेव. नोंदीला जोडलेली कौशल्यं, फाइली, शिफारसपत्रं एकदा बघून घे. कॉल सेंटरच्या साहेबांची चांगली शिफारस असेल तर तिचा मजकूर आधी उतरवून घे. आणि बदल करताना Notify network बंद आहे ना ते बघ, नाहीतर लोक नव्या नोकरीच्या शुभेच्छा द्यायला लागतील.

मंदार:
ताई, माझी बायको एच-४ व्हिसावर होती, तिची ६ वर्षं काहीच नाही. ती कुठून काढायची?

विद्याताई:
मंदार, तो प्रश्न वेगळा आहे. तिथे काढायचं काही नाही, उलट घालायचं आहे. लिंक्डइनवर Career break अशी स्वतंत्र नोंद करता येते, तारखांसकट. शिल्पाच्या बाबतीत नोकरी आहे, फक्त ती आखडती घ्यायची आहे.

अरुणकाका:
शिल्पा, एक सांभाळ. ग्रीन कार्डची फाइल चालू असेल, तर लेबर सर्टिफिकेशनच्या अर्जात कुठल्या नोकऱ्या दाखवल्यात ते आधी बघ. बॅचलर्सनंतरची ५ वर्षं म्हणून टेस्टिंगचा काळ धरला असेल, तर ती नोंद प्रोफाइलवर राहू दे आणि पद व महिने अनुभवपत्रात आहेत तसेच लिही. पत्रात जून २००४ आणि प्रोफाइलवर जानेवारी असा घोळ नंतर निस्तरायला अवघड जातो.

शिवाय रेझ्युमे म्हणजे निवड आणि कंपनीचा सहीचा अर्ज म्हणजे जबानी. अर्जात ‘मागच्या १० वर्षांतल्या सर्व नोकऱ्या’ मागितल्या असतील, तर त्या काळातली एकही गाळायची नाही, रेझ्युमेवर असो वा नसो.

शिल्पा:
लेबरमध्ये टेस्टिंगची वर्षं धरली आहेत, काका. म्हणजे ती राहतील. पदवीचं साल काढू का?

नितीन:
काढाच. ४० च्या वरच्यांना वयावरून डावलू नये म्हणून १९६७ चा कायदा आहे, पण आपण होऊन साल का सांगायचं?

विद्याताई:
मला ते तितकंसं पटत नाही. नोकऱ्यांच्या तारखा २००४ पासून दिसतातच, त्यामुळे साल काढून वय फारसं झाकत नाही. मात्र साल ठेवलं तर १९९९ ते २००४ ही मोकळी जागा About मधल्या त्या एका वाक्यावरच पेलायची आहे. रेझ्युमेवरून काढ, तिथे कोणाला खटकत नाही. लिंक्डइनवर मी ठेवेन.

अरुणकाका:
मी दोन्हीकडून काढेन. अर्जात विचारलं तर मात्र खरं साल लिहायचं.