भक्तीच्या कार्टूनला ‘मुलांसाठी’ ही खूण लावावी का?

दर्यापूरची ताई: आम्ही गजानन महाराजांच्या गोष्टींची कार्टून यूट्यूबवर टाकतो. ‘मुलांसाठी’ निवडलं की कमेंट बंद होतात. प्रकटदिनाला म्हातारी माणसं ‘जय गजानन’ लिहायची, तेही गेलं. सगळ्याच व्हिडिओंना ‘नाही’ करावं का?

अकोटवाला: करून टाका ताई, आजी-आजोबाच तर पाह्यतात! फक्त ‘नाही’ केलं की १८ वर्षांची अट लागते, मग लेकरांले दिसनार नाही.

मोर्शीकर: भाऊ, ती अट वेगळी निवडावी लागते. `No, it's not made for kids` निवडलं तरी नातू आजीच्या मोबाइलवर पाहू शकतो.

ताई, २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत गुगल-यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, कारण मुलांची माहिती पालकांना न विचारता जमवून जाहिराती दाखवल्या होत्या. २०२० पासून ही खूण सक्तीची झाली. खूण व्हिडिओला लागते, बघणाऱ्याला नाही, म्हणून सत्तरीचे आजोबाही कमेंट लिहू शकत नाहीत. नवीन व्हिडिओची घंटीही वाजत नाही. शिफारशीत असा व्हिडिओ बहुधा दुसऱ्या बालव्हिडिओंच्या शेजारी येतो, कीर्तनाच्या नाही.

पण सरसकट ‘नाही’ करू नका. अकोलीच्या भास्कर पाटलांच्या कोरड्या विहिरीला पाणी लागलं, ती गोष्ट घ्या. बोलणारी खार, यमकातलं गाणं आणि ‘चिमुकल्यांसाठी’ असं शीर्षक असेल तर ‘हो’. तीच गोष्ट ओव्या आणि अर्थ सांगत मोठ्यांसाठी केली, तर चित्रं कार्टूनची असूनही ‘नाही’ चालेल. चॅनलला एकच खूण न लावता प्रत्येक व्हिडिओला वेगळी लावा.

यवतमाळकर: आमच्या भजनाच्या कार्टूनला आम्ही ‘नाही’ केलं होतं, तर यूट्यूबनंच ‘हो’ लावलं. आता आमच्याकडून बदलता येत नाही. जाहिरातीचे पैसेही पडले.

मोर्शीकर: व्यक्तीनुसार जाहिराती बंद होतात, म्हणून पडले. त्यांनी लावलेली खूण फक्त अपील करून उठते. अपिलात व्हिडिओ मोठ्यांसाठी कसा आहे, ते लिहा. ‘कमेंट हव्यात’ हे कारण चालत नाही.

वरूडच्या बाई: मी शाळेत शिकवते. लेकरांच्या व्हिडिओखाली अनोळखी लोक काहीही लिहितात, त्यापेक्षा कमेंट बंदच बऱ्या. प्रकटदिनाचा ‘जय गजानन’ मंदिरात होतोच.

दर्यापूरची ताई: बाई, ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्यांचं मंदिर मोबाइलमध्येच आहे. विहिरीच्या गोष्टीत खार आहे, त्याला ‘हो’ लावते. पण कृष्णाच्या खोड्या आजी-नातू दोघंही पाहतात, त्याचं काय?

मोर्शीकर: मोठेही बघतात एवढ्यानं सुटका नाही. पात्रं, भाषा, गाणं पाच वर्षांच्या मुलाला धरून असेल तर मी ‘हो’ लावीन.

अकोटवाला: मी तर ‘नाही’च लावीन. आमच्या घरी रिमोट आजीच्या हातात रायते.