1992 ची तोंडी वाटणी, सातबारा अजून सामाईक

वाळव्याचा शेतकरी: आजोबा 1991 ला वारले. पुढच्या पाडव्याला वडील आणि दोन चुलत्यांनी गावातल्या चौघांसमोर सहा एकराची तोंडी वाटणी केली. वडिलांना विहिरीजवळचं दीड एकर, चुलत्यांना माळाकडचं सव्वादोन-सव्वादोन. तेव्हापासून ज्याचं रान तो कसतो. आता चुलतभाऊ विहिरीकडच्या रानातही तिसरा हिस्सा मागत कोर्टात गेलाय. नोंदणी नाही, तर वाटणी टिकेल का?

मिरजकर: नाही टिकणार. शंभर रुपयांवरच्या स्थावराला नोंदणी सक्तीची आहे. सातबारा सामाईक म्हणजे जमीन सामाईक.

कऱ्हाडचा वकील: मिरजकर, ती सक्ती लिहिलेल्या दस्ताला आहे. इथं दस्तच नाही. कुटुंबातली व्यवस्था तोंडी होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 1976 च्या काले खटल्यात सांगितलंय. ज्यानं तिचा फायदा घेतला, त्याला नंतर ती नाकारता येत नाही. सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावाही नाही.

पण समोरचा वकील म्हणेल, ही वाटणी नव्हे, सोयीची वहिवाट होती. त्याला उत्तर वागणुकीतून द्यावं लागेल. कारखान्याकडं उसाची नोंद कुणाच्या नावानं? सोसायटीचं पीककर्ज वेगळं होतं का? मोटारीचं वीजबिल कोण भरतं? वडिलांनी स्वतःच्या पैशानं विहीर खोल केली असेल आणि चुलते गप्प राहिले असतील, तर ते फार बोलकं आहे. बागायत कमी, जिराईत जास्त, हा सरस-निरस हिशेबही तुमच्याच बाजूचा. नुसत्या वहिवाटीला एवढं तोलून कोण देतं? चौघांतलं कुणी हयात असेल तर साक्षीला आणा.

आणि आता घाईनं कागद करू नका. ‘पूर्वी झालेल्या वाटणीची आठवण’ असा कागद नोंदणीशिवाय चालतो. ‘आजपासून वाटप करीत आहोत’ लिहिलंत, की मिरजकरांचा नियम लागू होतो.

कोरेगावची लेक: कोर्टानं अशा वाटण्या मानूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडं तिन्ही भावांनी असंच वाटून घेतलं. आम्हा बहिणींना बोलावलंसुद्धा नाही. तीस वर्षं गप्प बसलो, ते माहेर तुटू नये म्हणून. त्या गप्प बसण्याला संमती म्हणायचं?

मिरजकर: बहिणींचा प्रश्न वेगळा आहे, इथं भावाभावांचं चाललंय.

कऱ्हाडचा वकील: वेगळा नाही, ताईंनी नेमकं वर्मावर बोट ठेवलंय. 2020 च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की मुलीचा हक्क डावलायला नुसती तोंडी वाटणी पुरत नाही. अपवाद सरकारी कागदांनी भक्कम सिद्ध झालेल्या वाटणीचा. शेतकरी दादा, तुम्हाला आत्या आहेत का? 1991 ला आजोबा गेले तेव्हा त्याही वारस होत्या. चुलतभावाला तुम्ही वागणुकीनं अडवाल. ज्या त्या बैठकीत नव्हत्या, त्यांना कशानं अडवणार?

वाळव्याचा शेतकरी: दोन आत्या आहेत. थोरली दर दिवाळीला येते. तिनं कधी विषय काढला नाही. धाकटीचं नाव चुलतभावानं दाव्यात घातलंय.

कोरेगावची लेक: मग तिला आधी घरी जाऊन भेटा, दादा. तारखेच्या आधी.