पिवळे दिवे म्हणजे मागास भाग?

मूळ पोस्ट (रात्रपाळी): अवकाश स्थानकातून टिपलेला बर्लिनचा फोटो पाहा. पूर्व भाग पिवळा, पश्चिम पांढरा. दिव्यांच्या रंगावरून विकास सरळ ओळखता येतो.

तारांगण: हे वाचून राहवलं नाही. पूर्व बर्लिनमध्ये सोडियम व्हेपरचे दिवे आहेत म्हणून तो भाग पिवळा दिसतो. पश्चिमेत पाराबाष्पाचे दिवे, ट्यूब आणि चक्क गॅसचे दिवे होते. गॅसचे दिवे म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं तंत्र! तेवढ्याच विजेत पाऱ्यापेक्षा सोडियम जास्त उजेड देतो. मग मागास कोणाला म्हणायचं? रंगावरून एवढंच कळतं की दोन वेगळ्या कारभारांनी वेगवेगळे दिवे बसवले आणि भिंत १९८९ मध्ये पडली तरी खांब तेच राहिले.

रात्रपाळी: पण सीमा दिसतेच ना? माझा मुद्दा तोच होता.

तारांगण: सीमा दिसते, मान्य. विकास दिसतो, हे अमान्य. मिलानचे २०१२ आणि २०१५ चे फोटो शेजारी ठेवा. आधी सगळं शहर केशरी, नंतर मधला भाग पांढरा आणि उपनगरं केशरीच. तीन वर्षांत मधल्या भागाचा विकास झाला नाही, एलईडी बसले.

खिडकीवाली: एलईडीचं कौतुक पुरे. आमच्या खिडकीसमोरचा दिवा बदलल्यापासून जाड पडदा लावूनही झोप लागत नाही. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘वीज वाचते.’

जुना वायरमन: ताई, दिव्याचं तोंड वर कललेलं असेल. ते खाली करून मागे झडप लावली की खोलीत येणारा उजेड बराच कमी होतो. रंगाला दोष देऊ नका.

खिडकीवाली: रंगाचाही दोष आहे! निळसर उजेडाने झोप बिघडते.

जुना वायरमन: बिघडते, पण आधी कोन तपासा. मी आयुष्यभर खांबांवर चढलोय.

आकडेमोड: रंग सोडा, उजेड मोजा. जिथे उजेड जास्त तिथे पैसा जास्त.

तारांगण: ढोबळमानाने बरोबर. उत्तर कोरिया अंधारात आणि दक्षिण कोरिया झगमगती, हे कुणीही ओळखेल. पण शहराच्या आत हा हिशेब फसतो. रात्रीचा उजेड मोजणाऱ्या व्हीआयआयआरएस उपग्रह-संवेदकाला ५०० नॅनोमीटरखालचा निळा प्रकाश जवळपास दिसतच नाही. सोडियम काढून पांढरे एलईडी लावले की रस्ता तेवढाच उजळ असला तरी उपग्रहाच्या नोंदीत शहर मंद झालेलं दिसतं. त्याला तुम्ही मंदी म्हणाल.

आकडेमोड: म्हणजे शहरांची तुलना करायचीच नाही?

तारांगण: करा, पण दिवे कधी बदलले ते आधी शोधा. आणि फोटोचा व्हाइट बॅलन्स बघा, तो सरकला की पिवळ्याचं पांढरं होतं.

रात्रपाळी: बरं, ‘विकास’ हा शब्द मागे घेतो. पण शिकागोचे सरळ चौकोनी रस्ते बघून आखणी कळते, हे तरी नाकारू नका.

खिडकीवाली: झडप कोणाकडे मागायची, ते सांगा कुणीतरी.