रंग नव्हे, फेस बघा

«तेल काळं झालं की टाकायचं, एवढं पुरेसं नाही का?»

वड्याच्या तेलात रंग फसवतो. बेसनाचा चुरा तळाशी जळला की तेल लवकर काळपट दिसतं, म्हणून तळण संपल्यावर ते कोमट होऊ द्या, दुहेरी मलमलीतून गाळा आणि तळाचा गाळ कढईतच राहू द्या. खरी खूण फेसाची. चांगल्या तेलात मोठे बुडबुडे येतात आणि वडा काढताच विरतात. बारीक, चिकट फेस कढईभर पसरून तसाच टिकला, किंवा नेहमीच्या आचेवर धूर यायला लागला, तर ते तेल संपलं. त्यात ताजं ओतून भागवू नका, जुन्याच्या संगतीनं तेही लवकर बिघडतं. अन्नसुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआयची मर्यादा २५ टक्के ध्रुवीय संयुगांची आहे, म्हणजे तेल तापून बिघडताना त्यात तयार होणाऱ्या घटकांची, पण ती मोजायला मीटर लागतो. गाडीवर फेसच बघावा.